पहिलीची जन्मतारीख

आमच्या घरात सवत आहे, हे मला लग्नाआधीच माहीत होतं. ती माझ्या लग्नाच्या तीन वर्षं आधी कावीळ होऊन वारलेली, आणि मी दुसरी. मेलेल्या सवतीचा कसला त्रास, असं माहेरची माणसं म्हणाली. ज्यांना सवत नाही त्यांनाच असं बोलायला सुचतं.

मी अमरावतीला घरी शिवणकाम करते. पाच मशीन, माझ्यासकट पाच बाया. नांदगाव पेठच्या एका कापड युनिटकडून शाळेच्या गणवेशाचं कापड कापून येतं, आम्ही शिवून देतो. युनिट पैसे खात्यात टाकतं आणि त्यातून थोडा टॅक्स कापून माझ्या पॅनवर भरतं. आजवर मी त्याच्या वाटेला गेले नव्हते. पण यंदा युनिटनं कळवलं, की ज्यांनी इन्कम टॅक्सचं रिटर्न भरलं असेल त्यांनाच पुढच्या हंगामाच्या यादीत घेणार, पोचपावती आणून द्या. यादीत नाव नाही तर कापड नाही. कापड नाही तर चार बायांना मी काय तोंड दाखवणार? त्यातल्या दोघींच्या घरात दुसरं कमावतं माणूस नाही.

म्हणून मी कॅम्प रोडवरच्या एका टॅक्सवाल्याकडे गेले. तिशीतला मुलगा, एका खोलीत दोन कॉम्प्युटर, भिंतीला टेकवलेल्या फायलींचे ढीग. त्यानं माझं पॅन घातलं, आधार घातलं. दोन्ही जोडलेले, नाव एक, तारीख एक. तो खूष झाला. मग त्यानं पासबुक मागितलं, खात्याचा नंबर टाकला, आणि थोड्या वेळानं स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाला, "काकू, खातं व्हॅलिडेट नाई होऊन राहिलं."

"म्हणजे?"

"म्हणजे बँक म्हणते, या खात्याले हे पॅन जोडलेलंच नाई. तुमचा रिफंड निघतो. त्यासाठी एक तरी खातं पक्कं झालेलं लागते. त्याच्याशिवाय मी रिटर्न पुढं सरकवत नाई, मंग पैसे अडकले का तुमी माह्यावरच याल. बँकेत जा, पॅन जोडून आणा. दहा मिनिटाचं काम हाय."

दहा मिनिटांचं काम. शेवटच्या तारखेला तेव्हा सोळा दिवस होते.

खातं अकोल्याच्या शाखेतलं. नवऱ्याचं मूळ घर तिकडचं. पण बँक एकच, म्हणून मी अमरावतीच्या शाखेत गेले. तिथल्या साहेबानं पॅनची झेरॉक्स घेतली, काहीतरी टाइप केलं, पुन्हा टाइप केलं, चष्मा वर केला.

"नाव जुळते ताई. जन्मतारीख नाई जुळत. बँकेत तुमची जी तारीख हाय ती पॅनवर नाई. सिस्टीम पॅन घेतच नाई."

"कोणती तारीख आहे बँकेत?"

त्यानं सांगितली. ती माझी नव्हती. पण ओळखीची होती.

दरवर्षी त्या तारखेला माझ्या मोबाइलवर बँकेचा मेसेज येतो, आपल्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा. माझा वाढदिवस थंडीतला, आणि मेसेज येतो भर उन्हाळ्यात. मी हसायचे. पोरीला दाखवायचे, बघ, बँकेनं मला म्हातारी केलं. नवऱ्याला पण दाखवायचे. तो फोन हातात घ्यायचा, वाचायचा आणि परत द्यायचा. तो कधीच हसला नव्हता, हे मला त्या खिडकीसमोर उभं असताना लक्षात आलं.

"तुमच्यापेक्षा चार वर्सं मोठी दाखवून राहिली," साहेब म्हणाला. "अकोल्याले जा, तुमच्या मूळ शाखेत. तिथं खातं काढल्याचा जुना फॉर्म असंन, त्याच्यावर पाहून दुरुस्त करतीन."

चार वर्षं मोठी. आमच्या घरात माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी एकच बाई होऊन गेली होती.

इथं नावाचं सांगायला हवं, नाहीतर हा घोळ कोणाला समजायचा नाही. आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवीन नाव लिहायचं, सगळ्यांना पेढा. माझ्या लग्नात ताट पुढं आलं तेव्हा सासू नवऱ्याच्या कानाशी वाकली. त्यानं लिहिलं. मी वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण ते पहिलीचं नाव होतं. लग्न ठरताना ते शंभरदा माझ्या कानावर पडलं होतं. सासूनं नंतर मला कारण सांगितलं, अगदी सरळ मनानं. "रेशन कारडावर तेच नाव हाय, मतदान यादीत तेच हाय. कायले कागद बदलत बसायचं? तुले बी बरं, आमाले बी बरं." तिला यात काही वावगं वाटलंच नाही. घरात एक जागा रिकामी झाली होती, नाव तयार होतं, त्यात मला बसवलं.

बावीस वर्षं मी ते नाव वागवते आहे. आधारवर तेच, पॅनवर तेच. जन्मतारीख मात्र मी माझीच लावली, शाळेच्या दाखल्यावरची. तेवढी एक गोष्ट कोणी बदलू शकलं नाही. आणि आता कळत होतं, की ज्या खात्यात माझ्या शिलाईचे पैसे सहा वर्षं जमा होत होते, तिथं ती तारीखसुद्धा तिचीच बसली आहे.

घरी आले. नवरा ओट्यावर पेपर वाचत होता. तो खरेदी-विक्री संघात होता, आता निवृत्त आहे. लिहिताना मी त्याला एकेरीच म्हणणार आहे. समोर म्हणत नाही.

"त्या पासबुकातलं खातं कोणाचं हाय?" मी विचारलं.

"कोन्त्या?"

"माह्या नावाचं म्हणून तुमी मले सहा वर्सांआधी जे पासबुक हाती देल्लं. म्हणे, तुहं नाव वरच हाय."

त्यानं पेपरची घडी केली. मी थांबले. हा माणूस खोटं बोलत नाही. फक्त विचारल्याशिवाय सांगत नाही.

"तिचं," तो म्हणाला.

मग एकेक बाहेर आलं. पहिल्या लग्नात आलेल्या आहेराच्या पैशातून त्यानं पहिलीच्या नावानं खातं काढलं होतं. पहिलं नाव तिचं, दुसरं याचं. ती गेली. बँकेला कोणी कळवलं नाही. मग मी आले, नाव तेच. बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हा फॉर्मवरून सगळं जसंच्या तसं भरलं गेलं. पुढं बँकेनं कागद मागितले तेव्हा यानं माझं आधार आणि माझा मोबाइल नंबर दिला. नाव जुळलं, कोणी तारखेकडे बघितलं नाही. पैसे काढायच्या चिठ्ठीवर सही याची, आणि माझ्याकडे एटीएम कार्ड. सहा वर्षं मी एका मेलेल्या बाईचं कार्ड पर्समध्ये घेऊन फिरत होते.

"काहून नाई कळवलं बँकेले?" मी विचारलं.

"राहून गेलं."

"पंचवीस वर्सं?"

त्यानं घडी केलेला पेपर पुन्हा उघडला.

खरं सांगते, त्या क्षणी मला चार बाया, गणवेश, युनिटची यादी, काहीही आठवत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं, की यानं लग्न झाल्या झाल्या तिच्या नावानं खातं काढलं. पहिलं नाव तिचं! माझ्या लग्नातही आहेर आला होता. त्याचा घरात पंखा आला आणि वासरू आलं. माझ्या नावानं कोणी दमडीचं खातं काढलं नाही, आणि मला ते कधी खटकलंही नव्हतं, कारण असं कोणी काढतं हेच मला माहीत नव्हतं. याला मत्सर म्हणतात. मी त्याला दुसरं चांगलं नाव देणार नाही.

"असं कर," तो म्हणाला, "दुसऱ्या बँकेत तुह्या नावानं नवीन खातं काढ. दोन दिवसात होते. ते जोड टॅक्सले. हे राहू दे."

टॅक्सवाल्यालाही मी फोनवर विचारलं. तोही तेच म्हणाला. "काकू, तेच सोपं. नवीन खातं काढा, पॅन तिथंच जुळून जाईन. कायले जुन्याच्या मागं लागता?" दोघंही शहाणे, दोघंही बरोबर. शेवटची तारीख जवळ होती, आणि सोपा रस्ता समोर होता.

पण 'हे राहू दे' हे शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. काय राहू दे? ती तिथं राहू दे, आणि मी दुसरीकडे जागा बघू? युनिटकडे हेच खातं लागलेलं, चौघींचा हिशेब याच खात्यातून होतो. सहा वर्षं मान मोडून मी पैसे टाकले त्या घरात, आणि आता घरमालकीण ती! मी म्हटलं, "नाई. मी नाई जाणार दुसऱ्या बँकेत. तिचं नाव काढा. मृत्यूचा दाखला द्या बँकेले."

"दाखला शोधा लागंन."

"शोधा."

हा माणूस आपला चष्मा डोक्यावर ठेवून तासभर घरभर शोधतो. गॅसचं पुस्तक कुठं आहे हे त्याला गेल्या बावीस वर्षांत एकदाही सांगता आलेलं नाही. तो उठला, आत गेला, आणि मी चहाचं आधण ठेवेपर्यंत दाखला घेऊन बाहेर आला. कडक प्लास्टिकच्या पिशवीत, एक सुरकुती नाही. त्या दिवशी मी चहात साखर घालायची विसरले. त्यानं तो तसाच प्यायला.

दोन दिवसांनी आम्ही सकाळच्या एसटीनं अकोल्याला निघालो. तो खिडकीशी बसला होता, पिशवी मांडीवर घट्ट धरून, आणि मी त्या पिशवीकडे बघत होते. मला मनातून छान वाटत होतं, हेही लिहून टाकते. आज ती निघणार होती. कागदावरून का होईना, निघणार होती. मी चांगली साडी नेसले होते, एखाद्या लग्नाला निघावं तशी.

अकोल्याच्या शाखेत ज्या मॅडमकडे आम्हाला पाठवलं त्या पस्तिशीच्या असतील. आधी त्यांना हे जन्मतारखेच्या दुरुस्तीचंच काम वाटलं. त्यांनी माझा शाळेचा दाखला, आधार, पॅन हातात घेतलं आणि म्हणाल्या, "मूळ फॉर्म काढायला लावते, थांबा." दीड तास गेला. मग शिपाई एक पिवळा पडलेला गठ्ठा घेऊन आला, कडा उंदरांनी कुरतडलेला. मॅडमनी फॉर्म काढला, त्याच्यावरचा फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला.

"या कोण?"

"या मूळच्या," मी म्हटलं. "मी नंतरची."

नवऱ्यानं पिशवीतून दाखला काढून टेबलावर ठेवला. मॅडमनी तो वाचला, आणि त्यांचा आवाज एकदम कडक झाला. "काका, खातेदार मयत झाल्यावर बँकेला कळवावं लागतं. पंचवीस वर्षं झाली! या बाईंचं आधार तुम्ही त्यांच्या नावाला लावून ठेवलं, त्यांच्या कार्डावर व्यवहार केले. हे तारखेची दुरुस्ती करायचं प्रकरणच नाही. दोन वेगळी माणसं आहेत ही. एकीची तारीख खोडून दुसरीची घातली, तर ती पण चूकच होईल."

"मंग?" नवरा म्हणाला.

"आधी यांचं नाव कमी करायचं, दाखल्यावरून. तुम्ही जिवंत खातेदार, खातं तुमच्याकडे राहतं. मग ताईंचा नवीन फॉर्म भरायचा, त्यांच्या स्वतःच्या कागदांवर नवीन ग्राहक म्हणून. त्यांचं आधार नि मोबाइल जुन्या नोंदीतून काढून त्यांच्या नोंदीला लावू. पॅन तेव्हाच तपासून बघते, नाव आणि तारीख दोन्ही जुळली की बसतं. मग खात्यात त्यांना घ्यायचं. नंबर तोच राहील. आणि ते कार्ड द्या इकडे."

मी पर्समधून कार्ड काढून दिलं. त्याच्यावर नाव उमटवलेलं होतं, माझंही तेच. मॅडमनी कात्रीनं ते मधोमध कापलं. माझ्या मनात आलं, बरं झालं. मनात हेच आलं, मी काय करू?

"खात्यात पहिलं नाव कोणाचं ठेवायचं?" मॅडमनी विचारलं. "रिटर्नसाठी यांचंच पॅन जोडायचं असेल तर यांचं पहिलं ठेवा, भानगड नको."

"माझं," मी नवऱ्याच्या आधी बोलले.

नवऱ्यानं दोन्ही फॉर्म पुढं ओढले. त्याचं अक्षर चांगलं आहे, घरातले सगळे फॉर्म तोच भरतो. आधी नाव कमी करण्याचा अर्ज. तो लिहीत होता तोवर मॅडम जुना फॉर्म चाळत होत्या, आणि मी उलट्या बाजूनं त्या फोटोकडे बघत होते. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. सासूनं तिचे फोटो घरातून काढून टाकले होते, नव्या सुनेला त्रास नको म्हणून. मी बावीस वर्षं मनात जी बाई धरून बसले होते ती गोरी, भरलेली, हसरी होती. फोटोतली सावळी, बारीक, आणि फोटोवाल्यानं ओरडून सरळ बसवलेली दिसत होती. माझ्यापेक्षा देखणी नव्हती. मी ते दोनदा बघून घेतलं.

"हे काय आहे?" मॅडमनी फॉर्मला टाचलेला एक स्टॅम्पपेपर उलटला. "नाव बदलल्याचं प्रतिज्ञापत्र आहे वाटतं. लग्नापूर्वी यांचं नाव दुसरं होतं?"

आणि त्यांनी ते वाचलं. एक वेगळंच नाव, मी जन्मात न ऐकलेलं.

"ते कोणाचं?" मी विचारलं.

"तिचंच," नवरा मान वर न करता म्हणाला. "आईनं ताटात बदललं. आईले हे आताचं नाव आवडे, तिच्या माहेरच्या देवीचं होतं."

म्हणजे जे नाव मी बावीस वर्षं सवतीचं म्हणून कपाळावर वागवलं, ते सवतीचं नव्हतंच. तिलाही ते असंच ताटात मिळालं होतं, वरून, न विचारता. सासूनं एकाच नावात दोघींना बसवलं. मला क्षणभर तिची दयाच आली, आणि खांद्यावरचं ओझं उतरावं तसं वाटलं. ते फार टिकलं नाही.

"मग घरी कोणत्या नावानं हाक मारायचे?" मॅडमनी सहज विचारलं. बाईमाणूस, कुतूहल असतंच.

"आई ताटातल्या नावानं. मी या." त्यानं स्टॅम्पपेपरकडे पेन दाखवला. "मी तिले तिच्याच नावानं बोलवो. तिले ते ताटातलं आवडत नव्हतं."

हे तो एवढ्या सरळपणे बोलला, की त्यात काही लपवायचं आहे असं त्याला वाटलेलं दिसतच नव्हतं. मी त्याच्याकडे बघत राहिले. मला तो 'अवं' म्हणतो. 'ऐकतं का' म्हणतो. लोकांपुढं 'आमच्या घरी' म्हणतो. तिला एक नाव आवडत नव्हतं म्हणून त्यानं सगळ्या घराविरुद्ध तिचं नाव जपलं, आणि मलाही ताटातलं आवडत नव्हतं. मी तोंडानं सांगितलं नव्हतं, हे खरं. त्यानं विचारलंही नव्हतं.

त्यानं तो अर्ज पुरा केला, खाली सही केली. सहीला वेळ लागला. मग माझा फॉर्म घेतला. नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, माझी, थंडीतली, आधारकडे बघून. बापाचं नाव लिहिलं. पुढच्या रकान्याशी पेन थांबलं.

"लग्नापूर्वीचं नाव," मॅडम म्हणाल्या. "तेही भरा."

तो थांबूनच राहिला. मला वाटलं, पेन आटलं. मग त्यानं माझ्या कागदांची पिशवी उघडली आणि आत हात घातला.

"थांबा, हिच्या मार्कशीटवर असंन," तो म्हणाला. "पाहून सांगतो."

मॅडमना हसू आलं. "काका, बाजूला बसल्यात त्या. विचारा की!"

त्याला खरंच आठवत नव्हतं. यात त्याचा दुष्टपणा नाही, हेही मला माहीत आहे. माहेरी मी थोरली, भाऊ मला ताई म्हणतात, पुतणे आत्या म्हणतात. आईबाप गेले, आणि त्यांच्याबरोबर ते नाव घेणारी माणसं गेली. तो तरी कुठून ऐकणार? लग्नपत्रिकेवर एकदा छापलेलं त्यानं वाचलं असेल. एवढी सगळी कारणं मी त्याच्या वतीनं एका मिनिटात मांडली आणि एकही मनाला पटलं नाही. पंचवीस वर्षांपूर्वी मेलेल्या बाईचं नाव त्याच्या जिभेवर होतं, आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या बाईचं शोधायला त्याला मार्कशीट लागत होती.

मी नाव सांगितलं. त्यानं सुंदर अक्षरात लिहिलं.

मॅडमनी माझं पॅन घातलं. नाव जुळलं, तारीख जुळली. "बसलं," त्या म्हणाल्या. "दोन-तीन दिवसांनी पोर्टलवर पुन्हा टाकायला सांगा." मग त्यांनी जुना फॉर्म, दाखल्याची प्रत आणि त्याचा अर्ज एकत्र टाचले, आणि ती माझ्या खात्यातून निघाली. एवढ्यासाठी मी चांगली साडी नेसून आले होते.

टॅक्सवाल्याचा फोन चौथ्या दिवशी आला. "काकू, झालं व्हॅलिडेट! या." मी गेले. त्यानं रिटर्न भरलं, माझ्या फोनवर ओटीपी आला, मी सांगितला, रिटर्न गेलं. पोचपावती निघाली, त्यावर माझं पॅन, त्याखाली ताटातलं नाव. मी ती युनिटला पाठवली, आणि दुसऱ्या दिवशी तिकडून निरोप आला, यादीत घेतलं, कापड पाठवतो. चारही बाया हरखल्या. एकीनं गूळ-शेंगदाणे आणले. मीही हसले, खोटं नाही.

त्या संध्याकाळी नवरा ओट्यावर बसला होता. "झालं काय सारं?" त्यानं विचारलं.

"झालं."

मी दारात उभी राहिले. मला आत जायचं होतं, भाजी चिरायची होती. पण तोंडातून निघून गेलं. "एक डाव मले माह्या नावानं बोलवा."

"कोन्त्या?"

"फॉर्मवर लिहिलं ते."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग त्यानं माझं नाव घेतलं, पूर्ण, स्पष्ट, एकेक अक्षर नीट, बापाच्या नावासकट. फॉर्म वाचून दाखवावा तसं.

मी ओ दिली नाही. तिला तो अशी हाक मारत नसणार, एवढं मला कळलं, आणि मी भाजी चिरायला आत गेले.